बिलाच्या तळची ओळ

इटालियन कंपनीच्या मालवाहू बोटींवर मी अकरा वर्षं इंजिनरूममध्ये काढली, म्हणून आमच्या मांडवीत मला इटालियन येतं असा बोलबाला होता. तो मीच केला होता, खोटं कशाला बोलू? खरं म्हणजे माझी भाषा कानावर पडलेली. शिव्या अस्खलित, छापील मजकूर अडखळत, आणि हाताने लिहिलेलं तर जवळजवळ नाहीच.

आमच्या शेजारी हायस्कुलातले एक मास्तर राहत. त्यांच्या सासूबाई लांज्याला अंथरुणाला खिळलेल्या, आणि वहिनींचे गुडघे असे की एसटीची पायरी चढताना डोळ्यांतून पाणी यायचं. एकुलती एक लेक. आठवड्यातून दोनदा तरी आईकडे जायचंच. म्हणून मास्तरांनी परदेशातून परतलेल्या एका बोटीवरच्या अधिकाऱ्याची जुनी इटालियन गाडी घ्यायचं ठरवलं. स्टिअरिंग डावीकडे, कागदपत्रं सगळी इटालियन.

"भाऊ, एवढं मराठीत करून द्या," म्हणत त्यांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक गाडीच्या पुस्तकातलं इशाऱ्याच्या दिव्यांचं पान, दुसरं जिनोव्हातल्या गॅरेजचं शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल.

पान मी झोकात उतरवलं. बॅटरीचा दिवा, ब्रेक ऑइलचा दिवा, पाणी तापल्याचा दिवा. तेलाच्या दाबाच्या लाल दिव्यापुढे लिहिलं, "चालत्या गाडीत पेटल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. पुन्हा सुरू करू नये." 'ताबडतोब'खाली दोन रेघा मारल्या. बोटीवर तेलाचा दाब गेला की काय होतं ते मी पाहिलेलं होतं.

बिलावरचं टाइप केलेलं सोपं होतं. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेकचे पॅड. पण तळाशी मेकॅनिकने पेनने दोन ओळी खरडल्या होत्या. मुंग्या चालल्यागत अक्षर. मी पान उलटंसुलटं केलं. मास्तर समोर बसलेले, वहिनी चहा घेऊन उभ्या. 'हे मला वाचता येत नाही' हे पाच शब्द काही तोंडातून निघेनात.

"हे काय लिहिलंनीत?" मास्तरांनी बोट ठेवलं.

"किरकोळ शेरा. नेहमीचाच असतो," मी म्हटलं आणि चहाचा कप उचलला.

गाडी आली. मास्तर शिस्तीचे, माझा कागद त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवून गाडीत समोरच ठेवला.

एप्रिलात दुपारी लांज्याहून निरोप आला, आईचं काही खरं नाही, लगेच निघा. दोघं निघाली. आंजणारी घाटाचा चढ चढून वर आल्यावर पुढे एक ट्रक अडला होता, म्हणून मास्तरांनी गाडी थांबवली. तापलेलं इंजिन नुसतं चालू होतं, आणि लाल दिवा पेटला. मास्तरांनी पुठ्ठा वाचला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग दोन तास ती दोघं उन्हात. भरलेल्या एसट्या घाटात कशाला थांबतात? शेवटी एका टेंपोने घेतलं. वहिनी दारात पोचल्या तेव्हा आई जाऊन अर्धा तास झाला होता. तोंडात पाणी घातलं ते शेजारणीने.

दिवसकार्य उरकल्यावर लांज्याच्या मेकॅनिकने गाडी ओढून नेली. तेलाचा दाब घसरला की दिवा पेटवणारा स्विच काढून तिथे दाब मोजायचा गेज लावला, इंजिन गरम करून पाहिलं. दाब अगदी बरोबर. स्विचच तेवढा बिघडलेला, म्हणून दिवा उगाच पेटायचा.

मास्तरांनी हे सहज म्हणून सांगितलं, आणि मला बिलाच्या तळच्या त्या दोन ओळी आठवल्या. बिल मागून आणलं. भिंग घेऊन ओटीवर बसलो आणि एकेक अक्षर लावत गेलो. तासाभरात ओळी लागल्या. 'इंजिन गरम असताना, गाडी उभी असता तेलाचा दिवा पेटतो. गेज लावून दाब तपासला, ठीक आहे. स्विच पुढच्या वेळी बदलणे.'

एका तासाचंच काम होतं. तेव्हा मी तो तास दिला नाही.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. दोन दिवस राहिलोही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मास्तर शाळेत होते, वहिनी मागीलदारी तांदूळ निवडत होत्या. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बोलताना मला रडू आलं, त्यांना नाही.

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला.

"गाडीत मी ह्यांना म्हणत होते, करा हो चालू, काय होईल ते होऊ दे. हे म्हणाले, भाऊंनी लिहिलंनीत, दोन रेघा मारून." मग म्हणाल्या, "तिकडे आईनं तीनदा विचारलान म्हणे, गाडीचा आवाज येतो काय गो."

हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं.

"भावजी, वाचता येत नाही म्हणाला असतात तर आम्ही काय हसलो असतो तुम्हाला?"