चटणी टिकते कशी

पाकिटातल्या मसाल्यावर माझा विश्वास नव्हता. आता कशावर आहे, ते मला नीट सांगता येत नाही. चंदीगडला बदली होऊन आम्ही आलो तेव्हा मी बऱ्यापैकी ठाम बाई होते, इतकंच सांगते.

मी वऱ्हाडातली, सासर कराडकडचं. माझ्या माहेरी काळा मसाला असतो, कोरडा आणि खमंग. सासरी चटणी. चटणी म्हणजे तिकडे तोंडी लावणं नव्हे. मिरची, धणे, तीळ, खोबरं, गरम मसाला आणि तेलात तळलेला कांदा-लसूण एकत्र कुटून केलेला वर्षाचा लाल मसाला. आमटी, कालवण, उसळ, सगळ्यात तोच पडतो, आणि भाकरीबरोबर तेल घालून नुसताही खातात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही चटणी मी कधी केली नाही. सासूबाई करायच्या, गावाकडून डबा यायचा, मी वापरायची.

मग डबा बंद झाला. गावातलं घर आवरून सासूबाई धाकट्या दिरांकडे राहायला गेल्या आणि मी पाकिटं आणू लागले. त्याच सुमारास ह्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. सेक्टर ३२ च्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की हृदयाची पंप करायची ताकद कमी झाली आहे, मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, पाणी साठलं की पाय सुजणार आणि धाप लागणार. तेव्हा गोळ्या आणि मीठ, ह्या दोन गोष्टी सांभाळायच्या. गोळ्या ह्यांनी सांभाळायच्या, मीठ मी. मी ते फार मनावर घेतलं. लोणचं गेलं, पापड गेले, भाजीत मीठ टाकणंच बंद केलं.

आणि मी पाकिटं वाचायला लागले. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लावलेली असते हे मला तोवर माहीत नव्हतं. कांदा-लसूण मसाला म्हणून घेतलेल्या पाकिटावर मिरची, मग धणे, मग मीठ आणि त्यानंतर कुठेतरी लसूण. म्हणजे लसणापेक्षा मीठ जास्त. माझं डोकंच फिरलं. एवढं जपून वर मी मसाल्यातून मीठ घालत होते. शिवाय तारीख पॅकिंगची. मिरची कधी दळली, दळून किती दिवस पोत्यात पडली होती, ते कोण सांगणार? सेक्टरच्या मार्केटमधल्या दुकानदाराला मी फळीवरची मागची पाकिटं काढायला लावायची, कारण जुनी पुढे सरकवलेली असतात. तो बिचारा म्हणायचा, ‘मॅडम जी, सारे एक ही लॉट के हैं.’ मी तरी बघायचीच.

भेसळीचंही वेड घेतलं. कुणीतरी सांगितलं, मसाला पाण्यावर टाका, भुसा तरंगतो. टाकला, सगळाच तरंगला. म्हणून गावाकडून आलेल्या शेवटच्या डब्यातली तळाशी उरलेली चटणी टाकून बघितली, तर तीही तरंगली, कारण खोबऱ्याला आणि तिळाला तेल असतंच. मग आयोडीन आणलं. पिठाची भर असेल तर निळं होतं म्हणे. पाकिटातलं निळं झालं आणि मी विजयी मुद्रेने ह्यांना हाक मारली. ह्यांनी शांतपणे घरच्या हळदीवर थेंब टाकला. तीही निळी. हळदीत आणि सुंठीत मुळातच पिठासारखा स्टार्च असतो, हे मला मागाहून कळलं. तळहातावर चोळून वास घ्यायचा, ही एकच परीक्षा मला जमत होती, पण वासातून मीठ कळत नाही.

तेव्हा मी ठरवलं, चटणी घरी करायची. सासूबाई त्या उन्हाळ्यात आमच्याकडे कायमच्या राहायला येत होत्या. त्यांना फोन केला तर त्या इतक्या खूश झाल्या की येताना एका बॅगेत साड्या आणि दुसऱ्या बॅगेत नुसत्या मिरच्या घेऊन आल्या. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला.

चंदीगडचं मे महिन्याचं ऊन मसाल्याला झकास. गच्चीवर मिरच्या अशा कडकडीत वाळल्या की देठ मोडताना आवाज यायचा. गावाकडे डंकावर सगळं एकत्र कुटून मिळतं. इथल्या चक्कीवाल्याने कांदा-लसूण बघून हात जोडले. ‘माताजी, गिल्ला माल पत्थर विच चिपक जांदा. सुक्का लै आओ जी.’ म्हणून मिरची आणि कोरडे मसाले मी चक्कीवर नेले. आधी कुणाची तरी हळद दळलेली होती, तेव्हा आमचे धणे थोडे आधी फिरवून ते काढून टाकले. कांदा, लसूण, खोबरं सासूबाईंनी घरी मिक्सरवर वाटलं. मी गरम पूड घेऊन परतले ती शिंकतच. परातीत सगळं कालवायची वेळ आली तेव्हा मला असा ठसका लागला की सासूबाई म्हणाल्या, ‘तू जा भाईर, माझ्या नाकाला सवय हाय.’ मी बाल्कनीत जाऊन बसले. चटणी त्यांनी एकटीनेच कालवली आणि बरणीत दाबून भरली.

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवण पुन्हा जेवण झालं. अळणी भाजी पानात ढकलत बसणारा माणूस दुसऱ्यांदा आमटी मागू लागला. बरणी शेजारी घेऊन भाकरीवर तेल-चटणी खाऊ लागला. मी म्हटलं, बघा, मसाला अस्सल असला की मिठाची आठवणही येत नाही. हे वाक्य मी दोन-तीन मैत्रिणींनाही ऐकवलं. ‘आईच्या हाताची चव,’ हे म्हणायचे, आणि सासूबाई मान खाली घालून भाकरी थापत राहायच्या. इतकं छान चाललं होतं.

पावसाळ्यात ह्यांच्या मोज्यांचे वळ पायावर उठायला लागले. बोटाने दाबलं की खळगा राहायचा. जिना चढताना मधे थांबायला लागले. डॉक्टरीणबाईंनी लघवीची गोळी वाढवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘नमक? अचार, पापड, नमकीन, पॅकेट वाला मसाला?’ मी ताठ मानेने सांगितलं, ‘कुछ नहीं जी. मसाला भी घर का है, शुद्ध.’ त्या म्हणाल्या, ‘कहीं से तो आ रहा है.’

कुठून? मला काही उमजेना. मी आधी गोळीवर संशय घेतला, मग हवेवर, मग ह्यांच्यावर. ऑफिसात समोसे खात असणार. एके दिवशी ह्यांची बॅग तपासली, खिशातले कागद काढून बघितले. हे नुसते उभे राहून बघत होते. ‘पक्का चोर समजलीस मला,’ म्हणाले. मी रडले, पण तरी संशय गेला नाही. ब्रेडमध्ये मीठ असतं म्हणून ब्रेड बंद केला, आणि चव यावी म्हणून आमटीत आणखी अर्धा चमचा चटणी वाढवली.

मग शेजारच्या पंजाबी बाईंनी चटणी मागितली. त्यांना आमची उसळ फार आवडली होती. मी वाटीभर काढून दिली तेव्हा त्यांनी साधा प्रश्न विचारला, ‘कितने दिन चलेगा, भाभीजी?’ मला सांगता येईना. माझ्या माहेरचा कोरडा मसालासुद्धा खोबऱ्यामुळे काही महिन्यांत खवट होतो. ह्यात तर कांदा, लसूण, आणि तोही चंदीगडच्या दमट ऑगस्टमध्ये. बरणी उघडून हुंगली. ताजी. बुरशी नाही, खवटपणा नाही. पाकिटावर टिकण्याचे महिने छापतात तेव्हा मी नाकं मुरडायची, आणि ही तर फ्रिजबाहेर राहून जशीच्या तशी होती. मी कौतुकानेच आत जाऊन विचारलं, ‘आई, ही खराब कशी होत नाही हो? काय घालता तुम्ही?’

सासूबाई लसूण सोलत होत्या. ‘काय घालायचं? मीठ.’

‘मीठ?’

‘खडं मीठ. भाजून, कुटून. मिठाबिगर चटणी व्हती का कुठं? आठ दिसांत बुरशी धरंल.’ मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, ‘अगं, ते काय सांगायचं असतं व्हय? चटणी म्हंजी त्यात मीठ आलंच.’

‘किती घातलंत?’

त्यांनी परातीचा अंदाज हातांनी दाखवला. मग ओंजळ केली. मग आणखी एक.

मला राग यायला हवा होता, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. पाकिटाने निदान छापून सांगितलं होतं. मी ते वाचून टाकून दिलं आणि न छापलेलं मीठ रोज वाढत राहिले. जे मीठ मी पाकिटात भर म्हणून धरलं होतं, तेच बरणीत वर्षभराची बेगमी होतं. बरोबर कोण होतं? मला अजून कळत नाही. तेव्हा एवढंच कळलं की सासूबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला होता.

‘म्हंजी त्याचं पाय…’ त्या म्हणाल्या. त्यांना गोळ्या, पाणी, हृदय, सगळं मी पूर्वीच समजावलं होतं. स्वतःच्या जेवणापुरतं मिठाचं भांडंही त्या लांब ठेवायच्या, मुलाचा हात जाऊ नये म्हणून.

डॉक्टरीणबाईंना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं आणि पथ्य पुन्हा सांगितलं. बरणी सासूबाईंनीच उचलून शेजारी नेऊन दिली, सगळी. घरी आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, ‘त्याला सांगू नगंस. जेवताना त्याला ते ध्यानात येईल, आन् मग माझ्या हातचं…’ मी हो म्हटलं. बरोबर केलं की चूक, तेही मला ठरवता येत नाही. ह्यांना आम्ही जुनी चटणी खराब झाली असं सांगितलं. खरं तर ती खराब होत नव्हती, म्हणूनच सगळं उघडं पडलं होतं.

आता सासूबाई आठवड्यापुरतीच चटणी करतात, मिक्सरच्या लहान भांड्यात, मिठाशिवाय. ती फ्रिजमध्ये राहते आणि संपते. वयामुळे त्यांना मिक्सरचं झाकण दाबून धरायला त्रास होतो, पण मला हात लावू देत नाहीत. ह्यांच्या पायाची सूज उतरली आहे. जिना ते पुन्हा एका दमात चढतात.

नवी चटणी पहिल्यांदा पानात आली तेव्हा ह्यांनी भाकरीचा घास तेलात बुडवून खाल्ला आणि चावता चावता थांबले. ‘आई, पूर्वीची चव नाही आली गं. काय झालं?’

मी तेलाची वाटी ह्यांच्याकडे सरकवली.

‘वय झालं रं आता,’ सासूबाई म्हणाल्या. ‘हात बिघडला.’ आणि त्यांनी मुलाच्या पानात आणखी भाकरी वाढली.