शिळ्याचं कपाट

माझ्या सासूचं नाव शिवम्मा, पण निलंग्याच्या आमच्या गल्लीत तिला सगळे अव्वाच म्हणतात. अव्वाला दोन गोष्टींचा राग आहे. एक, पाय न धुता घरात येणारी माणसं, आणि दुसरा, फ्रिज. पहिल्याबद्दल ती बोलून दाखवते. दुसऱ्याशी तिचं बोलणंच नाही. मी लातूरहून लग्न होऊन आले तेव्हा माझ्यासोबत फ्रिज आला, आणि माझं स्वागत कुंकवानं झालं असलं तरी त्याचं काही झालं नाही. "शिळ्याचं कपाट हाय ते," अव्वा म्हणाली. "कालची भाजी, परवाचं ताक, सगळं एकाच पोटात. तुझं तू वापर."

मग मी वापरत राहिले. रात्री बदाम भिजत घालायचे तर वाटी फ्रिजात, शेंगदाणे भिजवले तर तेही फ्रिजात. मला आईनं तेवढं एक शिकवलं होतं, की उन्हाळ्यात भिजवलेली वस्तू रात्रभर ओट्यावर सोडायची नाही. चार-पाच तासांच्या पुढं भिजवणं असेल तर ती थंडीत गेली पाहिजे. अव्वा ती बदामाची वाटी बघायची आणि बदामांची कीव केल्यासारखी मान हलवायची. तिच्या मते थंडीत ठेवलेल्या दाण्याचा जीव जातो. जीव जातो म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, म्हणून मी घालत नव्हते.

पण एका बाबतीत अव्वापुढं सगळी गल्ली मान तुकवते. बसव जयंतीला मठात दासोह असतो. येईल त्याला पंगतीत बसवून जेवू घालायचं. त्या पंगतीत कोसंबरी लागते. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, ओलं खोबरं, लिंबू आणि वरून फोडणी. डाळ शिजवायची नाही, कच्चीच. ही डाळ भिजवायचा मान आमच्या घराचा. अव्वाच्या सासूकडून तो अव्वाकडं आला. आदल्या दिवशी दिवेलागण झाली की डाळ धुवायची, मोठ्या पातेल्यात पाणी घालायचं, पातेल्याला विभूतीची तीन बोटं ओढायची आणि वर पांढरं धोतर झाकायचं. सकाळी आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ते धोतर कुणी उचलायचं नाही. अव्वानंसुद्धा नाही.

या मानावर अव्वाचं सगळं म्हातारपण उभं आहे, असं मी म्हटलं तर ते जास्तीचं नाही. गुडघे गेले, डोळ्याला जाड चष्मा लागला, स्वयंपाकघर माझ्याकडं आलं. उरली ती एवढी डाळ. वर्षातून एक दिवस मठाचे मलप्पा गाडी घेऊन दारात उभे राहतात आणि "शिवम्माक्का, झालं का वं?" असं विचारतात, त्यासाठी ती आधीपासून नवं लुगडं काढून ठेवते. मला हे दिसायचं आणि मला ती फार आवडायची तेव्हा. एरवीही आवडते, पण तेव्हा जरा जास्त.

गेल्या वर्षी आम्ही नव्या घरात राहायला आलो होतो. जुन्या घरात मागची खोली मातीची होती, खाली फरशी गार, पाणी रांजणातलं. नव्या घराला वर स्लॅब, आणि स्लॅबवर काळी टाकी. एप्रिल सरतासरता त्या टाकीचं पाणी संध्याकाळी असं येतं की आंघोळीला बंब पेटवायला नको. रात्री बारा वाजताही भिंतीला हात लावला तर भिंत ऊन लागते.

दिवेलागणीला अव्वानं त्याच नळाखाली डाळ धुतली आणि त्याच पाण्यात भिजवली. मी म्हटलं, "अव्वा, पाणी कोमट हाय. माठातलं घालू का? अन् पातेलं फ्रिजात ठिवू, मी जागा करते."

"दासोहाचं हाय ते," अव्वा म्हणाली. "शिळ्याच्या शेजारी बसवू का बसवण्णाला?"

"निदान आताच भिजवू नका. मुगाची डाळ हाय, दीड-दोन तासांत भिजती. सकाळी भिजवू."

"हरभरा भिजतंय का दोन तासांत?"

"हरभरा न्हाई. पण ही डाळ हाय."

"माझी सासू हरभरा भिजवायची तवा ह्याच येळेला भिजवायची," अव्वा म्हणाली आणि विभूतीची तीन बोटं ओढली. तिथं माझं बोलणं संपलं. पूर्वी कोसंबरीसोबत हरभऱ्याची उसळही आमच्याच घरून जायची. हरभऱ्याला रात्र लागते, म्हणून दोन्ही संध्याकाळी भिजत पडायचं. हरभरा मठाकडं गेला, वेळ मात्र आमच्याकडं राहिली. हे मला तेव्हाच समजलं, पण सासूला सांगायची हिंमत झाली नाही.

सकाळी पूजा झाली, नवं लुगडं झालं, अव्वानं धोतर उचललं.

पातेल्यावर फेस चढला होता. बुडबुडे येऊन फुटत होते, आणि वास, इडलीच्या पिठाला येतो तसा आंबूस, पण त्याच्या खाली काहीतरी घाणेरडं. अव्वानं हात घातला, डाळ बोटांना बुळबुळीत लागली. पाणी ओतलं, नवं घातलं, चोळून धुतली. पुन्हा ओतलं. पुन्हा धुतली. वास कमी झाला. गेला नाही.

तेवढ्यात मलप्पा आलेच. मलप्पांचं बाजारात किराण्याचं दुकान आहे आणि मठातल्या दासोहाचं सगळं तेच बघतात. दारातून त्यांनी अव्वाचा चेहरा बघितला आणि आत येऊन पातेल्यात नाक घातलं.

"काय झालंय ह्याला?" ते म्हणाले. "थोडं आंबलंय, एवढंच. आणखी एकदा धुवा. लिंबू जास्त पिळलं की कळतच न्हाई."

"आंबलेलं हाय ते," मी म्हटलं.

"मग इडली आंबवून खात न्हाई का आपण?"

"इडलीचं पीठ आपण आंबवतो, अन् मग वाफवतो. हे न सांगता आंबलंय, अन् हे कच्चंच खायाचं हाय."

"मग शिजवा. वरण करू. उकळलं की सगळं मरतंय."

याचं उत्तर मला नीट देता आलं नसतं. जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेलं विष कधी कधी उकळूनही जात नाही, असं मी ऐकलं होतं. ते मी बोलायच्या आधी अव्वाच बोलली. "नासलेलं दूध उकळून चांगलं हुतंय का, मलप्पा?"

मलप्पा हळू आवाजात म्हणाले, "अक्का, दासोहाचं अन्न टाकत न्हाईत. तुमीच सांगितलंय आमाला. अन् लोक काय म्हणतील? पुढच्या वर्षी मठाचे पंच दुसऱ्याच्या घरी देतील डाळ. मला अडवता येणार न्हाई."

म्हणजे सगळं बोलून झालं होतं. धुतलेली डाळ, लिंबू, फोडणी आणि गप्प बसणं, एवढ्यावर अव्वाचा मान वाचत होता. कुणाचं पोट बिघडलं असतं तर लोकांनी उन्हाला बोल लावला असता. खरं सांगायचं तर आधीच्या वर्षांतही दासोहानंतर दोन-चार जणांची पोटं बिघडायची आणि आम्ही उन्हालाच बोल लावायचो.

अव्वाचा एक नेम होता. गाडीत चढवायच्या आधी चिमूटभर डाळ ती स्वतः खायची. तिनं चिमूट घेतली. तोंडापर्यंत नेली. हात तिथंच थांबला. मी बघत होते, मलप्पा बघत होते. तिनं चिमूट पुन्हा पातेल्यात टाकली.

"माझ्या तोंडात जाईना," ती म्हणाली. "मग दुसऱ्याच्या पानात कशी वाढू?"

परसात लिंबाच्या झाडाखाली तिनं मला खड्डा करायला लावला. डाळ स्वतः ओतली, माती लोटली आणि हात जोडले. "मातीचं मातीला," म्हणाली. नंतर पदर तोंडाला लावून ती लहान मुलीसारखी रडली. मीही रडले. मलप्पा गाडीकडं तोंड करून उभे राहिले.

मग डोळे पुसून तिनं मला विचारलं, "दीड तासात भिजती म्हणालीस न्हवं?"

"भिजती. माठाच्या पाण्यात घालू."

"मलप्पा, दुकान उघड. डाळ आण."

पंगत दुपारची होती. डाळ आली, धुतली, माठातल्या गार पाण्यात पडली. या वेळी पातेल्यावर धोतर होतं, पण अव्वा ते सारखं उचलून बघत होती. बोटांत दाणा दाबून नखानं तुटतो का बघायची, पाणी बदलायची. डाळ टचटचीत फुगली तशी निथळून लगेच मठात नेली, तिथंच कालवली आणि तिथंच वाढली. पंगत बसण्याआधी अव्वानं पंचांना उभ्या उभ्या सांगितलं, "रातची डाळ माझ्या हातून नासली. टाकली. ही सकाळची हाय." एवढंच. घरी येताना ती म्हणाली, "संपलं बघ आपलं," आणि लुगड्याची घडी न घालता पलंगावर पडून राहिली.

त्यानंतर वर्षभर ती त्या विषयावर बोलली नाही. मीही काढला नाही. फक्त उन्हाळा लागल्यावर माझ्या बदामाच्या वाटीकडं बघून तिनं मान हलवणं बंद केलं.

या वर्षी बसव जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी मलप्पांची गाडी दारात उभी राहिली. त्यांनी डाळीची पिशवी उतरवली. मग हरभऱ्याची उतरवली.

"हरभरा पण?" मी विचारलं.

"पंच म्हणाले, दोनी शिवम्माक्काकडंच द्या," मलप्पा म्हणाले. "जी नासलेली टाकती तिच्याच हातचं खाऊ म्हणाले."

अव्वा उठली. आत गेली. थोड्या वेळानं मी बघते तर फ्रिज उघडा. भाजीचे डबे, ताकाचं भांडं, लोणच्याच्या बरण्या, माझे बदाम, सगळं जमिनीवर. अव्वा गुडघे धरून खाली बसली होती आणि ओल्या फडक्यानं एकेक कप्पा पुसत होती.

"ताक शेजारी नेऊन दे," मला म्हणाली. "अन् भाजी खाऊन टाका. आज इथं शिळं काही राहायचं न्हाई."

डाळ सकाळीच भिजवायची होती. हरभऱ्याला रात्र लागणार होती, म्हणून तो माठाच्या पाण्यात घालून दोन पातेल्यांत फ्रिजात बसवला. तिनं दार लावलं. मग विभूती घेऊन फ्रिजच्या दारावर तीन बोटं ओढली, जरा तिरकी आली म्हणून पुसून पुन्हा ओढली, आणि मला म्हणाली, "सकाळी पूजा हुईस्तोवर उघडायचं न्हाई कुणी."