अरशद आणि उघड्या अंगाचे फोटो

जळगावात रिक्षाच्या गाद्या शिवणारा अरशद दिवसभर रेक्झिनवर वाकलेला असतो आणि मधूनमधून मोबाइलमध्ये उघडी पोरं बघतो. भलतंसलतं मनात आणू नका. संध्याकाळी तो जिममध्ये पोरांना शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी तयार करतो. लांबची पोरं त्याला दर आठवड्याला फोटो पाठवतात. कोणाचे स्नायू वाढले, कोणाच्या पोटावरची चरबी उतरली, ते बघून अरशद पुढचं जेवण-व्यायाम सांगतो.

त्याच्या आईला, अमिनाबींना, हे कधी पटलं नाही.

"लोकांची पोरं फोनात बायका बघतात," त्या म्हणायच्या. "आमच्याचा रंगच वेगळा."

"अम्मी, बायको समोर बसलीये."

"तीच तर बिचारी."

बिचारी सादिया शिलाईचे दोरे कापत हसायची.

धुळ्याच्या स्पर्धेला नावं द्यायची मुदत दोन दिवसांत संपत होती. फैजपूरच्या हितेंद्रचं नाव द्यायचं की नाही, यावर अरशद अडला होता. हितेंद्र केळीवाल्या घरातला. वर्षभर साखर सोडून, उकडलेली अंडी खाऊन राबलेला. घरात सगळ्यांना सांगून बसलेला की यंदा धुळ्याला जाणार. पण गेल्या काही फोटोंत त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला फुगलेला दिसत होता. असा कललेला देह स्टेजवर नेला तर परीक्षक पहिल्याच फेरीत बाजूला करतात. अरशदने मेसेज लिहायला घेतला, की यंदा राहू दे, डावा खांदा भरून काढू, पुढच्या वर्षी बघू.

सादियाने मान लांब करून पाहिलं.

"ह्याच्या खांद्यावर हा लाल चट्टा कसला?"

अरशदने फोटो मोठा केला. ओझ्याखाली गादी दबते तसा उजव्या खांद्यावर ठसा होता. गाद्या शिवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे आधी दिसू नये, म्हणजे कमालच. त्याने मेसेज पुसला आणि फोन लावला.

"हितेंद्र, फोटो कधी काढतो रे?"

"केळीची कटाई झाली की लगेच, भाऊ. सकाळपासून घड खांद्यावर वाहून गाडीत भरू राहिलो ना आम्ही. अंग मस्त भरलेलं असतं."

"घड कोणत्या खांद्यावर?"

"उजव्या. डाव्याने मला जमतच नाही."

"आणि काढतो कुठे?"

"बांधावर, उन्हात. तिथे पोटाचे कट एकदम भारी दिसतात."

अरशदला उलगडा झाला. घड वाहून रक्त भरलं की स्नायू तासभर तरी फुगलेला राहतो. त्याला जिमची पोरं पंप म्हणतात. तो फुगवटा एकाच बाजूला चढला होता. आणि वरचं ऊन पोटावर पडलं की प्रत्येक उंचवट्याखाली सावली पडते, म्हणून स्नायूंमध्ये नसलेली खाच, म्हणजे कट, दिसतो. बरं, अंग भरलेलं दिसेल तेव्हा फोटो काढ, असं आपणच सांगितलेलं. आता बोलणार कोणाला?

"उद्या सकाळी उठल्या उठल्या काढ," तो म्हणाला. "खाण्याआधी, कामाआधी. खिडकीसमोर तोंड करून, म्हणजे उजेड समोरून येईल. मोबाइल छातीच्या उंचीवर कोणालातरी धरायला लाव. आधी सैल उभा राहा. मग पोझ मार."

फोटो आले. खांदे दोन्ही सारखे. पण पोटावरचे उन्हातले कट निम्मे गायब, आणि मांड्या तर दोन गुळगुळीत खांब. खाली हितेंद्रचा मेसेज: 'भाऊ, मी एका रात्रीत सुकलो का?'

"सुकला नाहीस," अरशद फोनवर म्हणाला. "हाच तू. कालचा निम्मा ऊन होता. आज ये इकडे."

हितेंद्र तोंड पाडून जिममध्ये आला. अरशदने त्याला ट्यूबलाइटखाली उभं केलं.

"मांडी दाखव."

"दाखवू राहिलो ना."

"तू नुसता उभा आहेस. पाय किंचित बाहेर वळव, टाच रोव, गुडघ्याची वाटी वर खेच. आता आवळ."

मांडी थरथरली आणि दोन स्नायूंमधली रेघ वर आली. हितेंद्र स्वतःकडेच वाकून बघायला लागला.

"वाकू नको, पोट दुमडतं. श्वास सोड. हं, धर."

"ही रेघ होती माझ्यात?"

"होती. फोटोत तुला काढता येत नव्हती."

"आणि पोटाचं, भाऊ?"

"पोटावर चरबी आहे. ती अजून उतरवायची. धुळ्यालाही दिवे असतील, मागे पंप मारायला डंबेल असतील. पण ते सगळ्यांनाच मिळतं, तुला एकट्याला नाही. पहिला नंबर डोक्यातून काढ."

"मग जायचं कशाला?"

"खांदे सरळ आहेत, मांडी निघाली. तेवढ्यावर उभं राहता येतं. बघ, तुला ठरवायचंय."

हितेंद्रने परत एकदा टाच रोवून मांडी आवळली, रेघ निघते का ते पाहिलं, मग सदरा घालता घालता म्हणाला, "नाव द्या. पण घरी काय सांगू?"

"खरं तेच सांग."

"मग म्हातारी म्हणेल, एवढी अंडी खाल्ली कशाला."

अरशदने फोन काढून आयोजकांना त्याचं नाव कळवलं.