कानातला कापूस

तापातून उठले आणि साधं भांडं वाजलं तरी कानात सुरी खुपसल्यासारखं दुखू लागलं. गंगेकाठी रामघाटावरच्या आमच्या घरात थोरल्या जाऊबाई माझ्यामागे मुद्दाम परात आपटायच्या. "ढोंग आहे हिचं," असं सगळ्यांना सांगायच्या. मी दिवसभर कानांत कापूस घालू लागले, तर दुखणं वाढलंच.

इंग्रजांच्या छावणीतल्या गोऱ्या डॉक्टरने कान तपासले. तो हिंदीत म्हणाला, "शांततेची सवय लागली की आवाज जास्त बोचतो. कापूस हळूहळू सोडा. दुखणार नाही इतकाच आवाज रोज ऐका, मग थोडा वाढवा."

आधी खिडकीशी बसून गंगेचं पाणी ऐकलं, मग दुरून पाठशाळेतली संथा, मग चुलीपाशी भांड्यांच्या आवाजात थोडा वेळ. वर्ष गेलं. बरं होण्यापेक्षा जाऊबाईंना हरवायची जिद्द मोठी होती.

त्यांच्या मुलीच्या लग्नात मी सनईसमोरच बसले. कान बोचले, पण उठले नाही. पंगतीत विहीणबाईंनी प्रकृती विचारली. मी मोठ्याने म्हणाले, "या जाऊबाई माझ्या कानाशी परात आपटायच्या, नाहीतर आधीच बरी झाले असते."

तूप वाढणाऱ्या जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्याची आजही लाज वाटत नाही.