व्हरांड्याची थंड भिंत

आमची लेक महिनाभर आधी जन्मली. जेमतेम पावणेदोन किलोची. भोपाळच्या कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये आम्ही तिला घरी आणलं ते ऐन जानेवारीत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बच्ची को गर्म रखिए. अगले हफ्ते वजन नहीं बढ़ा, तो फिर भर्ती." पुन्हा काचेच्या पेटीत?

नवरा माझा कॉलेजातला वर्गमित्र. तो कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनला, मी पॉलिटेक्निकमध्ये उष्णतावहन शिकवायचे. म्हणजे घरात दोन-दोन तज्ज्ञ, आणि अंगणातली तुळस मात्र पाण्याविना वाळलेली.

बाळासाठी त्यानं मागचा व्हरांडा निवडला. आधीच्या भाडेकरूंनी तो साडेचार इंची विटांनी बंद करून घेतला होता, आतून प्लास्टरही नाही. त्याचा हिशोब असा, की खोली लहान, म्हणून हीटरनं लवकर तापेल. दार एकच, म्हणून वारा फिरणार नाही. दाराची झुळूकही लागू नये म्हणून पाळणा पार बाहेरच्या भिंतीला टेकवला. वर थर्मामीटर टांगला. पंचवीस अंश. स्वारी खूश.

आणि तरी रोज सकाळी बाळाचे पाय गार. दूध ओढता ओढता दमून झोपायची. वजन तिथल्या तिथे. ती खात होती ते सगळं अंग गरम ठेवण्यातच जळत होतं, हे मला कळत होतं. पण ऊब जाते कुठे, ते कळत नव्हतं.

"पंचवीस आहे गं," तो म्हणाला. "अजून एक दुपटं घाल."

"तुझा थर्मामीटर हवा मोजतो," मी म्हटलं. "माझी पोरगी नाही मोजत." बाळंतपणाचे टाके ठणकत होते, झोप नव्हती, जीभ जरा जास्तच चालत होती.

पाळण्यावर वाकताना तोल सावरायला मी भिंतीवर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. भिंत गारढोण होती. बाहेर त्या पहाटे पाच अंश. वर्गात फळ्यावर दर वर्षी मांडायचे तेच गणित तिथेच तोंडी मांडलं. आतल्या हवेचा पातळ थर, मग वीट, बाहेरचं प्लास्टर, बाहेरची हवा. एकामागे एक उभे असलेले अडथळे. सगळ्यांतून जाणारी उष्णता एकच, म्हणून ज्याचा अडथळा मोठा त्याच्यावर तापमान जास्त उतरतं. वीट इतकी पातळ, की एकूण अडथळ्याचा तिसरा हिस्सा आतल्या हवेच्या थराचाच. वीस अंशांतले सातेक तिथेच गेले. म्हणजे खोली पंचवीस, पण भिंत अठरा.

"अरे, वारा अडवलास, पण ती भिंतीकडे बघत झोपते," मी म्हटलं. "तिच्या अंगातून किरणं निघतात, सरळ भिंतीत जातात. मधली हवा कितीही कोमट असो."

त्यानंही भिंतीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "थर्माकोल लावतो. दोन सेंटिमीटरची एक शीट या अख्ख्या भिंतीपेक्षा जास्त ऊब अडवेल. भिंत आतून गरम राहील." बरोबर होतं त्याचं. "आनंद नगरला दुकान उघडलं, की आणतोच."

"दुकान उघडेपर्यंत काय?"

पाळणा आम्ही मधल्या खोलीत, आतल्या भिंतीशी नेला. पण पोरगी अजून गारच होती आणि टाक्यांमुळे मला बसवत नव्हतं. "तू घे," मी म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. घरी आणल्यापासून त्यानं तिला एकदाही उचललं नव्हतं. मला वाटायचं, कामाचा माणूस, वेळ नाही.

"माझ्या हातून काही झालं तर?" तो म्हणाला. "तेवढीशी आहे गं ती. म्हणून तर थर्मामीटर बघत बसतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याला खुर्चीत मागे रेलून बसवलं. स्वेटरची, शर्टाची बटणं मी सोडली, बनियन काढायला लावलं. "हेही थरच आहेत," म्हटलं. "मध्ये काही नको." दुपटं सोडून, फक्त लंगोट आणि टोपडं ठेवून, तिला त्याच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली. तोंड एका बाजूला केलं, वरून शाल घातली.

तो श्वासही जपून घेत होता. थोड्या वेळानं मी शालीखाली हात घातला. पाय कोमट झाले होते.

दुकान केव्हाच उघडलं असेल. "जातोस ना?" मी विचारलं.

"तूच कुणाला तरी पाठव," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हते. मी पदरानं पुसले.