कल्याण मास्तरांची भीतीची शिडी

कल्याण, तुझी ती सरावपुस्तिका पाहिली. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, महत्त्वाचे शब्द लाल शाईत. आणि तू अजून शेवगावच्या स्टँडवरून एकटा हललेला नाहीस. चौतीस वर्षं पोरांना हेच शिकवलंस का रे? भागिरथीचा भाऊ म्हणवून घ्यायला लाज कशी वाटत नाही?

हे पत्र राजेश्वरीबाईंनी मनातच लिहिलं. कागदावर उतरवलं असतं, तर कल्याण मास्तरांनी त्यातलीही शुद्धलेखनाची चूक शोधली असती.

मास्तरांचं दुखणं दोन वर्षांचं. नगरच्या एसटीत, तिसगावच्या अलीकडे, एकाएकी छाती धडधडली, हाताला मुंग्या, अंगाला घाम. लोकांनी गाडी थेट दवाखान्याशी लावली. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, भीतीचा झटका आहे, त्यानं जीव जात नाही. तेवढ्यानं बरं वाटायला हवं होतं. पण मास्तर त्यानंतर एकटे बसमध्ये चढलेच नाहीत. इकडे चैत्रात थोरल्या बहिणीचं, भागिरथीचं, नगरला खुब्याचं हाड मोडलं. ती रोज फोनवर विचारी, "कधी येतोस रे?"

भागिरथी ही राजेश्वरीबाईंची कॉलेजची मैत्रीण. बाई आता वाचनालय सांभाळत. सात दिवसांत चिंतामुक्त करणाऱ्या बाबा लोकांच्या पुस्तकांना त्यांच्याकडे खालचा कप्पा होता, झाडूच्या शेजारी. मास्तरांसाठी त्यांनी नगरच्या समुपदेशक धनश्रीला विचारून वेगळी पुस्तिका मागवली. तिच्यातली पद्धत शेकडो माणसांवर तपासून पाहिलेली होती. धनश्रीनं फोनवर बजावलंही होतं, "नुसती वाचून उपयोग नाही, करावी लागते. आणि अडलं तर त्यांना मला फोन करायला सांगा."

मास्तरांनी ती केली नाही, सोडवली. पुस्तिकेत नमुन्यादाखल एका बाईची पानं भरून दाखवली होती. बाईला लिफ्टची भीती. मास्तरांनी 'लिफ्ट' खोडून 'एसटी' घातलं आणि बाकी तसंच उतरवून काढलं. जन्मभर गाईडं वापरणाऱ्या पोरांना झोडपलेला माणूस!

"अक्का, दोन्ही रकाने पूर्ण केलेत," ते राजेश्वरीबाईंपुढं पुस्तिका करत म्हणाले. "विचार : छाती धडधडली की मी मरणार. खात्री, नव्वद टक्के. विरुद्ध पुरावा : तपासण्या चांगल्या आल्या. नंतर खात्री, दहा टक्के."

"दहा? मग चल की उद्या नगरला."

"ते... उन्हाळा आहे हो."

"म्हणजे दहा हे पुस्तकातल्या बाईचे. तुझे नव्वदच आहेत. आणि ही शिडी? स्टँडवर उभं राहणं, अमरापूर, तिसगाव, नगर. चारही पायऱ्यांवर बरोबरच्या खुणा!"

"नगरला गेलो होतो ना मी."

त्यांची बायको रतनबाई भांडी घासता घासता फिसकन हसली. "गेल्ते की. पुतन्याच्या गाडीत. मांडीवर पान्याची बाटली, मुठीत जिभंखालची गोळी, आन् डोळं मिटून. भागिरथीवन्संच्या दाराशीबी न उतरता माघारी."

"बाटली आणि गोळी हाताशी होती, म्हणूनच तुला वाटतं की त्यांनी वाचवलं," बाई ताडकन म्हणाल्या. "पुस्तकात हेच लिहिलंय. बाटली घरी ठेवायची, धडधड होऊ द्यायची, आणि बघायचं, मरतोस की नाही."

"मेलो तर?"

"तर मी तुझी पुस्तिका वाचनालयात ठेवीन, नमुना म्हणून!"

मग त्यांनी कामच लावलं. हुलग्याचं पीठ, एक डबा. भागिरथीला त्याचं पातळ, गरम माडगं आवडायचं. आधी दोनदा नुसतं अमरापूर, पुन्हा तिसगाव, आणि पौर्णिमेच्या आत डबा नगरला. एकट्यानं, बाटलीशिवाय. मास्तरांनी डबा घेतला आणि अतिशय गांभीर्यानं पुस्तिकेत त्याची नोंद केली.

अमरापूरला ते एकदा गेले. तेवढं खरं. छाती धडधडली, पण अर्धा रस्ता तसेच बसून राहिले, मेले नाहीत. घरी येऊन सुंदर अक्षरात तीन पानं लिहिली. दुसऱ्या फेरीला आभाळ आलं होतं, तिसऱ्याला पाहुणे. पुढं शिडी पुन्हा नव्यानं आखावी लागली, कारण जुनीत खाडाखोड झाली होती. धनश्रीला फोन करायला सांगितला, तर म्हणाले, आधी धडा संपवतो.

आषाढात भागिरथीच्या मुलानं तिला पुण्याला नेलं. नगरच्या घराला कुलूप लागलं. निघायच्या दिवशी तिनं राजेश्वरीबाईंना फोन केला. "कल्याण येणार होता ना गं? मी दुपारच्या एसटीची वाट पाहून निघाले."

बाई मास्तरांकडे गेल्या. ते पुस्तिकेत मान घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुस्तिका मिटली.

"डबा कुठाय?" बाईंनी विचारलं.

रतनबाईनं कपाट उघडून दाखवला. पिठाला जाळी धरली होती.