मुरवायला ठेवलेला आवाज

मिरजेच्या तंतुवाद्यकारांच्या गल्लीत जैनुद्दीन यांचे दुकान आहे. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांना कोणी उस्ताद म्हटले तर ते लगेच दुरुस्ती करीत. “उस्ताद ते भाई, मी केवळ हात.” भाई म्हणजे त्यांचे थोरले बंधू फारूक. तंबोऱ्याची जवारी लावणे, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा कानशीने इतका अल्प घासणे की तार त्यावर टेकून गुंजत राहावी, ही विद्या फारूकभाईंच्या कानात होती. कितीदा घासले हे डोळ्यांना दिसत नाही. कानाने ओळखावे लागते.

सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूने फारूकभाईंचा उजवा हात गेला आणि ते पलूसला, शिक्षिका असलेल्या आपल्या लेकीकडे, आसियाकडे राहू लागले. परंतु कान शाबूत होता. मग एक रीत पडली. जैनुद्दीन घोडी घासत, तारेखाली सुताचा धागा सरकवीत, तार छेडीत, आणि तो नाद व्हॉट्सॲपवर पलूसला धाडीत. काही वेळाने भाईंचा आवाज येई. खर्जाची तार अजून बंद आहे, गुंजत नाही, धागा केसभर मागे घे, डावीकडून घास. अशी काही शेकडो उत्तरे त्या फोनमध्ये साठली. पाठशाळेतल्या शिष्याने सूत्रे घोकावीत तशी जैनुद्दीन ती पुनःपुन्हा ऐकत. आसियाने एका भेटीत त्या फोनला गुगलचे खाते जोडून दिले होते आणि दर आठवड्याला बॅकअप होईल अशी तजवीज केली होती. अब्बांचे बोलणे आता फोनबाहेरही सुरक्षित आहे, असे तिने काकांना समजावले होते.

गेल्या जानेवारीत फारूकभाई गेले. चाळिसाव्याची फातिहा झाल्यावर जैनुद्दीन यांनी एक गोष्ट केली, जी या गल्लीतल्या माणसालाच सुचावी. येथे तंबोऱ्यासाठी भोपळा आणतात तो लगेच कापीत नाहीत. माळ्यावर ठेवतात, त्याला हात लावीत नाहीत. जितका काळ तो निवांत राहील तितका तो मुरतो आणि तितका त्याचा नाद खुलतो. आयुष्यभर हेच पाहिलेल्या माणसाने भावाचा आवाजही तसाच ठेवला. गिऱ्हाइकांचे निरोप, दरपत्रके, सकाळच्या शुभेच्छा यांनी तो मळू नये म्हणून धंद्यासाठी नवा फोन आणि नवा नंबर घेतला. जुना फोन बंद केला, मऊ कापडात गुंडाळला आणि भोपळ्यांच्या माळ्यावर ठेवला. जुन्या नंबराचे रिचार्ज मात्र ते न चुकता करीत राहिले. नंबर जिवंत आहे तोवर आतले सारे जिवंत आहे, अशी त्यांची निष्ठा होती.

त्यानंतर काम करताना तार छेडली की ते नकळत थांबत. पलूसहून उत्तर यायला जितका वेळ लागे तितकाच. मग स्वतःशीच ओशाळून कानशी उचलत.

नोव्हेंबरात वाईच्या गायिका क्रांतीताई आपला तंबोरा घेऊन आल्या. त्याची जवारी फारूकभाईंनीच शेवटच्या वर्षी, पलूसहून सांगत सांगत, लावून घेतली होती. घोडी झिजली होती. त्यांना तोच आवाज पुन्हा हवा होता. जैनुद्दीन यांनी होकार दिला, कारण त्या तंबोऱ्याविषयीचे भाईंचे प्रत्येक वाक्य माळ्यावर सुरक्षित होते.

कापड उलगडले तेव्हा फोनची पाठ फुगून उचकटली होती. सांगलीच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला. पावसाळ्याची ओल आतल्या बोर्डावर चढली होती. बॅटरी बदलून उपयोग नव्हता, मेमरीच वाचता येत नव्हती. परंतु त्याने धीर दिला. जुने सिम नव्या फोनमध्ये घाला, तोच नंबर, तेच गुगल खाते; बॅकअप असेल तर सारे परत येईल.

जैनुद्दीन तडक पलूसला गेले. आसियाने सिम घातले, खाते जोडले. नंबरावर कोड आला तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे उजळले. नंबर खरोखरच जिवंत होता. फोनने बॅकअपचा शोध घेतला आणि काहीही सापडले नसल्याचे सांगितले. आसियाने ड्राइव्हमधली बॅकअपची यादी उघडली. तीही रिकामी होती.

“चाचा, फोन कवा बंद केलासा?”

“चाळिसाव्याला. फेब्रुवारी संपत आला तवा. का गं?”

आसियाने बोटांवर महिने मोजले. मग हलक्या आवाजात म्हणाली, “पाच म्हयन्यांवर बॅकअप नवं झालं न्हाई, तर गुगलवाले त्ये आपोआप काढून टाकत्यात. फोन बंद, मग नवं कुठनं व्हणार? मी तुमाला तारीख बघत जावा म्हणून सांगायला पायजे हुतं.”

“मी तर हातबी लावला न्हाई त्याला,” जैनुद्दीन म्हणाले.

आतून रहिमतबी, फारूकभाईंच्या पत्नी, आल्या. त्यांनी पतीचा फोन दिराच्या हाती दिला. तो आता त्याच वापरीत. काच तडकलेली होती. जागा कमी म्हणून फारूकभाई काम झाले की संवाद पुसून टाकीत. केवळ अखेरच्या अंथरुणावरचे अकरा दिवस पुसायचे राहून गेले होते. त्यात धाकट्याने धाडलेले पुष्कळ नाद होते आणि भाईंचे एकच उत्तर. आधी दीर्घ श्वास, मग शब्द. “हं. आता हात काढ.”

आसियाने त्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅट बॅकअपचे पान उघडले. शेवटची तारीख चौदा जुलै होती. नात्यातल्या एका लग्नाच्या व्हिडिओंनी खाते भरून गेले होते आणि तेव्हापासून बॅकअप अडला होता. आणखी अडीच आठवड्यांत तोही मुदतीबाहेर गेला असता. तिने व्हिडिओ काढून जागा केली आणि बटण दाबले. तिघेही त्या सरकत्या रेषेकडे पाहत राहिले. तारखेच्या जागी आजचा दिवस उमटला तेव्हा तिने ते एक उत्तर काकांच्या फोनवर धाडले, आणि दर जुम्म्याला ही तारीख पाहायची, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घेतले.

मिरजेत परतल्यावर जैनुद्दीन क्रांतीताईंच्या तंबोऱ्याला बसले. कानशी लावली, तार छेडली, थांबले. धागा किती मागे, डावीकडून की उजवीकडून, यांपैकी काहीही त्यांच्यापाशी उरले नव्हते. उरली होती ती थांबण्याची एवढी एकच आज्ञा, आणि ती कोणत्या तंबोऱ्याच्या कोणत्या तारेसाठी होती हे सांगणाराही कोणी नव्हता. तरीही दर घासणीनंतर ती कानाशी येऊ लागली, फोन हाती न घेताच. तिसऱ्या दिवशी त्यांनी कानशी खाली ठेवली.

क्रांतीताई आल्या, मांडी घालून बसल्या, डोळे मिटून बराच वेळ तारा छेडीत राहिल्या.

“चाचा, खर्ज थोडा बंद वाटतोय. आणखी एकदा घासून पाहता?”

जैनुद्दीन यांनी मान हलवली.

“न्हाई ताई. भाईंनी हात काढायला सांगितलंय.”

क्रांतीताईंनी एकवार वृद्धाच्या मुद्रेकडे पाहिले. मग काही न विचारता तंबोऱ्यावर गवसणी चढवली.